निळ्या टिक्स आणि नुसतं ‘ओके’

प्रश्न: माझा बॉयफ्रेंड मेसेज वाचून तीन-तीन तास उत्तर देत नाही, मग नुसतं ‘ओके’. त्याचं मन उडालं असेल का?

उत्तर: एका ‘ओके’वरून ते कळत नाही. कागदावर लिहा: ‘१:१० ला वाचलं, ४:०५ ला ओके आलं.’ एवढंच घडलंय. ‘कंटाळलाय’ हा तुम्ही लावलेला अर्थ. आता मागच्या महिन्यातलं कामाच्या दिवसांचं चॅट एकदाच चाळा. तेव्हाही दुपारी असंच तुटक लिहायचा? मग ती त्याची सवय आहे. ‘लास्ट सीन’ मात्र बघत बसू नका; क्षणभर बरं वाटतं आणि पाच मिनिटांत हात परत फोनकडे जातो. मी फोन दुसऱ्या खोलीत ठेवून कणीक मळायला घ्यायचे. भेटल्यावरही तो तुटक वागत असेल, तर समोर बसून विचारा, “उत्तर उशिरा आलं की मला धास्ती वाटते. काही बिनसलंय का?”