नकली रंग आणि नकली पाईप दुकानातच कसे ओळखावेत?

प्रश्न : घराचे काम काढले आहे. रंगाच्या बादल्या आणि पाण्याचे पाईप अस्सल आहेत की नाहीत, हे घेतानाच कसे तपासावे?

मी घरबांधणीच्या कामांवर देखरेख करतो. रंगाच्या बाबतीत बरेचदा बादली खरी असते आणि आतला माल खोटा. नावाजलेल्या कंपनीच्या रिकाम्या बादल्या भंगारातून घेऊन त्यांत हलका रंग भरला जातो, त्यामुळे लेबल कितीही न्याहाळले तरी ते अस्सलच दिसते. म्हणून आधी झाकण पाहावे. प्लास्टिकच्या बादलीच्या झाकणाला फाडून काढायची पट्टी किंवा उघडताना तुटणारे दाते असतात. तेथे गोंद, वितळवून चिकटवल्याची खूण किंवा कडेच्या खाचेत वाळलेला रंग दिसला, तर ती बादली घेऊ नये.

मात्र शेड दुकानातील मशीनवर बनवून घ्यायची असेल, तर झाकण दुकानदारालाच उघडावे लागते. म्हणून बेसची बंद बादली मशीनपाशी नेण्याआधी समोर ठेवायला सांगा, सील पाहा, बॅच क्रमांक आणि उत्पादनाचा महिना यांचा फोटो घ्या, आणि मगच ती उघडू द्या. शेड करून घरपोच आलेल्या बादलीचे सील पाहण्यात काही अर्थ उरत नाही.

एका कामावर ‘एकाच खेपेतल्या’ म्हणून सहा बंद बादल्या आल्या. त्यांवरचे महिने निरनिराळे होते. एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही, कारण जुना साठा मिसळलेला असू शकतो. पण दोन बादल्यांवर बॅचच्या जागी थिनरने पुसल्यासारखा धुरकट पट्टा होता आणि त्यावर नवे आकडे शिक्क्याने उमटवलेले होते. कारखान्यातील छपाई बहुधा बारीक ठिपक्यांची असते. दुकानदाराने सहाही बादल्या निमूटपणे परत घेतल्या.

पाईपवर आयएसआय चिन्हाच्या वर मानकाचा क्रमांक (सीपीव्हीसीसाठी आयएस १५७७८) आणि खाली CM/L ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. तो BIS Care या अ‍ॅपमध्ये घालून कंपनीचे नाव आणि मानक पाईपवरील छपाईशी जुळवावे. अर्थात खरा क्रमांक नकली पाईपवरही छापता येतो, म्हणून मी व्हर्नियर कॅलिपर जवळ बाळगतो. एसडीआर म्हणजे पाईपचा बाह्य व्यास भागिले भिंतीची जाडी. पाऊण इंची, एसडीआर ११ सीपीव्हीसी पाईपचा बाह्य व्यास २२.२ मिमी असतो. त्याला ११ ने भागले की भिंतीची जाडी सुमारे २ मिमी येते. कापलेल्या टोकावर तीन-चार ठिकाणी मोजावे आणि कोठेही जाडी त्याहून कमी भरली, तर छपाई कितीही सुबक असली तरी तो पाईप नाकारावा.

बिलावर बॅच क्रमांक लिहून घ्या. शंका आल्यास कंपनीला फोन करताना क्रमांक तिच्या संकेतस्थळावरून घ्या, डब्यावरून नको. डबाच संशयित असेल तर त्यावरचा फोन कोण उचलेल, हे सांगता येत नाही.