ऐकण्याच्या पेपरात अडलेले आजोबा

“ताई, मी 56 वर्षांचा. सहा वर्षांचा नातू जर्मनीत वाढतोय, त्याला मराठी जेमतेम कळतं, म्हणून मी जर्मन शिकतोय. पुढच्या महिन्यात गोएथे इन्स्टिट्यूटची ए1 परीक्षा आहे. सराव परीक्षेत 15 पैकी वाचनात 13, लेखनात 12, बोलण्यात 10 आणि ऐकण्यात फक्त 5 गुण मिळाले. आकडे तर हमखास चुकतात. नापास झालो तर नातवाला काय सांगू? परीक्षा सोडून देऊ का?”

सोडू नका. या गुणांवर तुम्ही आजही पास आहात. ए1ला चारही भागांची बेरीज धरतात, प्रत्येक भागात वेगळं पास व्हावं लागत नाही. तुमचे 60 पैकी 40, म्हणजे शंभरात साधारण 66 होतात आणि लागतात 60. पण मूळ 60 पैकी 36 लागतात, म्हणजे हाताशी जेमतेम चार गुण जास्त आहेत, म्हणून ऐकण्याकडे बघायलाच हवं.

आधी सराव पेपर काढून कुठले प्रश्न चुकले ते पाहा. पहिला आणि तिसरा भाग दोनदा ऐकवतात. मधल्या चार घोषणा एकदाच. तिथल्या चारही चुकल्या असतील तर फारसं बिघडलेलं नाही, पण तुमच्या दहा चुकांपैकी निदान सहा दोनदा ऐकवलेल्या भागांतल्या आहेत. दोनदा ऐकूनही आकडे चुकत असतील, तर मला वाटतं तुम्ही ते मनात इंग्रजीत नेताय. जर्मनमध्ये 45 म्हणताना आधी पाच येतात, मग चाळीस. इंग्रजीच्या सवयीने हात 54 लिहितो. आपल्या पंचेचाळीसमध्येही पाचच आधी येतात, तेव्हा थेट मराठीत ऐका. लिहिताना डावीकडे जागा सोडून आधी एकक लिहा, मग दशक. वेळेच्या बाबतीत मात्र मराठी फसवते: ‘हाल्ब आख्ट’ म्हणजे साडेआठ नव्हे, साडेसात.

आणखी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. पन्नाशीनंतर बऱ्याच जणांचे स, फ, श यांसारखे बारीक आवाज आधी निसटू लागतात. छापलेला संवाद वाचून सगळं कळतं, पण तोच ऐकताना ओळखीचे शब्दही हरवतात, आणि घरीही “काय म्हणालात?” असं वारंवार विचारावं लागतं, असं होत असेल तर या आठवड्यातच कानांची तपासणी करून घ्या. दोष निघाला तर प्रमाणपत्र घेऊन परीक्षा केंद्राला लगेच विचारा; अशा उमेदवारांसाठी वेगळी सोय करता येते, पण ती आधी मागावी लागते. सरावही नुसता हेडफोन लावून करू नका. स्पीकर खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवून ऐका, कारण परीक्षेत बहुधा तसंच ऐकावं लागतं.

नातवाला परीक्षेची तारीख आत्ताच सांगा. रोज व्हिडिओ कॉलवर त्याने दहा आकडे म्हणावेत, तुम्ही कागदावर लिहून त्याला दाखवावेत. सहा वर्षांच्या मुलाला आजोबांच्या चुका काढायला फार आवडतं. सुरुवातीला 20च्या आतले आकडे घ्या, ते जमले की त्यालाच पुढचे निवडू द्या.