मुलाखतीच्या अनुवादात ‘म्हणजे’, अर्धी वाक्यं आणि अस्पष्ट जागा

प्रश्न: लालबागच्या एका निवृत्त गिरणी कामगाराच्या मुलाखतीच्या शब्दांकनाचा इंग्रजी अनुवाद करतोय. ‘म्हणजे’, ‘काय ते’, अर्धवट सोडलेली वाक्यं आणि ऐकू न येणाऱ्या जागा ठेवू की काढू?

उत्तर: मजकूर कुठे जाणार ते आधी विचारा. संग्रहात किंवा संशोधनात जाणार असेल तर अडखळणं ठेवावं लागतं. मासिकासाठी असेल तर बरंच काढता येतं, आणि तसं धरूनच पुढचं सांगतो.

अडखळणारा प्रत्येक शब्द भरताड नसतो. ‘म्हणजे’ नुसता श्वास घ्यायला आला असेल तर गाळा. त्याच्या जागी इंग्रजीत ‘मीन्स’ घालू नका. पण आधीचं सुधारायला आला असेल तर ठेवा. ‘नाही, कसं झालं…’ असं वाक्य सुरू झालं तर तो नकार नव्हे, तिथे ‘नो’ लिहिलंत तर माणूस प्रश्न फेटाळतोय असं वाटेल. ‘एक्याऐंशीला, नाही, ब्याऐंशीला संप झाला’ यात मात्र त्यांनी स्वतःची चूक दुरुस्त केली आहे. संप १८ जानेवारी १९८२ ला सुरू झाला, त्यामुळे मासिकात फक्त १९८२ पुरे.

अर्ध्यावर सोडलेलं वाक्य काढण्यापूर्वी पुढचं वाचा. ‘जॉबरने आम्हाला… आमच्यातलेच काही आधी आत गेले.’ जॉबर म्हणजे कामगारांची भरती आणि देखरेख करणारा मुकादम, आणि इथे बोलणारा कुणाला तरी दोष देता देता थांबला आहे. तो तुकडा गाळला तर ते थांबणंच जातं. मी तो डॅश देऊन ठेवीन.

खरा धोका अस्पष्ट जागांचा. मराठीत क्रियापद आणि नकार वाक्याच्या शेवटी येतात, आणि आवाज नेमका तिथेच खाली जातो. ‘आम्ही त्या दिवशी कामावर गेलो [अस्पष्ट]’ यात पुढे ‘नाही’ असेल तर अर्थ उलटा. इंग्रजीत नकार क्रियापदापाशी येतो, म्हणून खूणही तिथे हलवा. वाक्याच्या टोकाला ठेवलीत तर वाचक ‘गेलो’ हे पक्कं धरून चालेल.

अशा जागी मूळ ध्वनिफीत मागवा. दहा सेकंद आधीपासून, हेडफोन लावून, थोड्या कमी वेगाने ऐका. तीनदा ऐकूनही कळलं नाही तर [अस्पष्ट ००:१४:३२] लिहा. अंदाज असेल तर [साचाखात्यात? ००:१४:३२] असं प्रश्नचिन्हासह. मागून लोकल गेली असेल तर तेही कंसात नोंदवा, म्हणजे तपासणाऱ्याला कारण कळतं.

आणि शब्दांकनात जे स्वच्छ दिसतं तेही तपासा. ‘मी बदली होतो’ याचं लिहिणाऱ्याने ‘माझी बदली होती’ केलं असू शकतं. पहिल्याचा अर्थ कायम कामगार गैरहजर असेल त्या दिवशी काम मिळणारा बदली कामगार, दुसऱ्याचा ट्रान्सफर. वाक्य गुळगुळीत आहे, पण पुढे ‘रोज गेटवर उभं राहायचो’ आलं की शंका घ्या आणि फितीकडे परत जा.