उणे 45 चे 13 कसे झाले?

*सर, मी बी.एस्सी. (कॉम्प्युटर सायन्स) पहिल्या वर्षाला आहे. अंतर्गत लेखी परीक्षेत नंबर सिस्टिमच्या प्रश्नांत सपाटून आपटले. −45 चा 8 बिटांतला टूज कॉम्प्लिमेंट हेक्समध्ये मी 13 लिहिला. 1011010 चं हेक्स B2 लिहिलं. 8 बिटांत 45 + 90 करताना ‘हातचा बाहेर पडला नाही, म्हणून ओव्हरफ्लो नाही’ असं लिहिलं. तिन्ही चूक. परीक्षेत कॅल्क्युलेटर चालत नाही. मला एम्बेडेडमध्ये जायचं होतं, पण बाबा म्हणतात, हे जमत नसेल तर वेब डेव्हलपमेंटकडे वळ. काय करू?*

वेब आवडत असेल तर खुशाल जा, पण या तीन उत्तरांच्या भीतीने नको. तुझं 13 हे उत्तर मी उलगडून पाहिलं. हेक्समधलं 13 म्हणजे दशमानातले 19, आणि 64 − 45 = 19. म्हणजे तू टूज कॉम्प्लिमेंट अगदी बरोबर काढलास, फक्त 6 बिटांत. प्रश्न 8 बिटांचा होता.

हे कसं झालं असेल ते सांगतो. 45 ला दोनने भागत गेलीस, बाकी खालून वर लिहिलीस, 101101 मिळाले. लगेच बिट उलटवले: 010010. एक मिळवला: 010011. डावीकडे शून्यं भरून हेक्स केलं: 13. शून्यं भरायची होती हे तुला माहीत होतं, पण ती उलटवल्यानंतर भरलीस. आधी भरली असतीस तर तीही उलटली असती आणि त्यांचे एक झाले असते. म्हणून भागाकार संपला की पहिलं काम रुंदी पुरी करायची:

```
 45            00101101
 बिट उलटवून    11010010
 + 1           11010011   = D3
```

8 बिटांत −45 लिहायचं म्हणजे खरं तर 256 − 45 लिहायचं. ते येतात 211, आणि D × 16 + 3 म्हणजे 13 × 16 + 3 = 211. जुळलं. 6 बिटांत 256 च्या जागी 64 येतात, म्हणून तुझे 19. पेपरात हा ताळा करायला फार वेळ लागत नाही. उत्तराखाली कच्चं लिहून बघ.

दुसरा ताळा हेक्समध्येच होतो. 45 ला 16 ने भाग: भागाकार 2, बाकी 13. म्हणजे 2D. आता प्रत्येक अंक F मधून वजा कर: 2 चा D, D चा 2. झाले D2, त्यात एक मिळव, D3. बायनरीच्या वाटेने आलेलं उत्तर या वाटेनेही तेच आलं तर निर्धास्त पुढे जा. हल्ली मी मुलांना हीच वाट आधी शिकवावी असं शिक्षकांना सांगतो, कारण आठ बिट उतरवताना एखादा बिट गळतो, दोन अंकांत गळायला जागाच नसते.

उलट दिशेचा प्रश्न आला, की D3 म्हणजे किती, तर प्रश्नात ‘साइन्ड’ लिहिलंय का ते बघ. D3 या दोन अंकांवर चिन्ह कुठेच लिहिलेलं नसतं. अनसाइन्ड म्हणून वाचले तर 211, साइन्ड म्हणून वाचले तर 211 − 256 = −45. आणि तीच संख्या 16 बिटांत न्यायला सांगितली तर साइन बिट डावीकडे पसरवायचा: FFD3. बरीच मुलं 00D3 लिहितात, ते +211 झाले. इथेही गडबड रुंदीचीच आहे.

B2 चं थोडक्यात: चार-चारचे गट उजवीकडून पाडतात. 1011010 चे गट 101 आणि 1010, पहिल्याला डावीकडे एक शून्य दिलं की 0101 1010, म्हणजे 5A. तू डावीकडून गट पाडलेस, 1011 आणि 010, आणि उरलेले 010 तसेच 2 म्हणून वाचलेस. 5A म्हणजे 90, हे पुढच्या प्रश्नात लागेल.

ओव्हरफ्लोवर मात्र नीट बसायला हवं. हातचा बाहेर पडणं आणि ओव्हरफ्लो होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुझीच बेरीज घेऊ आणि तिच्याशेजारी −45 + 90 ठेवू:

```
   00101101   (45)        11010011   (-45)
 + 01011010   (90)      + 01011010   (90)
   --------               --------
   10000111             1 00101101
```

डावीकडे हातचा बाहेर पडला नाही, तरी उत्तर 10000111, म्हणजे हेक्समध्ये 87, म्हणजे 135 − 256 = −121. दोन धन संख्यांची बेरीज ऋण आली! 8 बिटांत साइन्ड संख्या −128 ते 127 एवढ्याच मावतात, 135 बसणार कुठे? उजवीकडे हातचा बाहेर पडला, तो सोडून दिला आणि उत्तर 45, अगदी बरोबर. साइन्ड बेरजेत एवढंच बघायचं: दोन्ही संख्यांचं चिन्ह एकच आणि उत्तराचं चिन्ह वेगळं, तर ओव्हरफ्लो. चिन्हं वेगवेगळी असतील तर बेरजेत ओव्हरफ्लो होऊच शकत नाही. हातच्याचा नियम अनसाइन्ड बेरजेचा. तू तो इथे लावलास.

घरी सराव करताना पायथॉनवर उत्तर पडताळत असशील तर एक खाच आहे. पायथॉनच्या पूर्णांकाला ठरलेली रुंदी नसते, त्यामुळे तो नुसतं उणे चिन्ह लावून मोकळा होतो. रुंदी तू द्यायची:

```python
bin(-45)                    # '-0b101101'
format(-45 & 0xFF, '08b')   # '11010011'
hex(-45 & 0xFF)             # '0xd3'
```

आता एम्बेडेडचं. प्रोजेक्टसाठी मुलं DS18B20 हा तापमानाचा सेन्सर हमखास घेतात. तो 16 बिटांचा टूज कॉम्प्लिमेंट देतो, एका अंशाचे 16 भाग. त्याच्याकडून FF5E आलं तर? F मधून वजा करून 00A1, एक मिळवून 00A2, म्हणजे 162. भागिले 16, म्हणजे 10.125, चिन्ह उणे. तेच कुणी अनसाइन्ड वाचलं तर पडद्यावर 4085.875 अंश दिसतात. खोलीत ठेवून तपासताना हा दोष कधीच दिसत नाही, कारण तिथे तापमान शून्याच्या वर असतं. तो दिसतो सेन्सर फ्रीझरमध्ये ठेवल्यावर. या कामात तुला रोज जे करायचं आहे ते हेच, आणि परीक्षेत जे चुकलं तेही हेच: किती बिट, साइन्ड की नाही.

बाबांना सांग, वेबमध्येही यातून पूर्ण सुटका नाही. ब्राउझरच्या कन्सोलमध्ये `(-45 >>> 0).toString(16)` टाक, `ffffffd3` येईल. जावास्क्रिप्टचे बिटवाइज ऑपरेटर 32 बिटांवर चालतात. पुढे गेट द्यायचं ठरलं तर कॉम्प्युटर सायन्सच्या पेपरात डिजिटल लॉजिकखाली हा भाग आहेच.

शाखा आत्ता बदलू नकोस. पुढच्या लेखी परीक्षेपर्यंत −1, −100, −127 आणि −128 या चार संख्या 8 आणि 16 बिटांत, दोन्ही वाटांनी कागदावर करून बघ. −128 ला उलटवून एक मिळवलास की परत 10000000 च येतं, तिथे थांबून +128 या 8 बिटांत का नाही ते स्वतः शोध. मग एखादा सेन्सर आणून फ्रीझरमध्ये ठेव. त्या कामात मन रमलं तर एम्बेडेड, कंटाळा आला तर बाबांशी बोलायला कारण मिळेल, मार्कांपेक्षा भरवशाचं.