xy पद असलेल्या शांकवाचे अक्ष कसे शोधायचे?

प्रश्न: 5x² + 4xy + 2y² = 6 हा कोणता शांकव आहे आणि त्याचे अक्ष कुठल्या दिशेने आहेत?

उत्तर: लंबवर्तुळ. वर्गपदांची मॅट्रिक्स [[5, 2], [2, 2]] अशी मांडा. xy चा सहगुणक 4 असल्याने कर्णाबाहेर दोन्हीकडे त्याचा निम्मा, म्हणजे 2 येतो. इथेच बहुतेकांचं चुकतं: 4 लिहिलात तर निर्धारक 6 ऐवजी −6 येतो आणि लंबवर्तुळाचा अपास्त होऊन बसतो.

कर्णावरची बेरीज 7, निर्धारक 6. म्हणून आयगेनव्हॅल्यू 6 आणि 1. दोन्ही धन, म्हणूनच लंबवर्तुळ. आयगेनव्हेक्टर अनुक्रमे (2, 1) आणि (1, −2). हे एकमेकांना लंब आलेच पाहिजेत. नसतील तर आकडेमोड पुन्हा तपासा. त्या दिशांना u, v घेतले की समीकरण 6u² + v² = 6 होतं. मोठी आयगेनव्हॅल्यू म्हणजे मोठा अक्ष नव्हे, उलटंच: (2, 1) दिशेला अर्धअक्ष 1, तर (1, −2) दिशेला √6.