कोटिंग सोललेला नॉनस्टिक पॅन

प्रश्न: फोटो बघा, पॅनचं कोटिंग मधोमध सोलून निघतंय. अजून वापरला तर चालेल का?

उत्तर: नाही, हा पॅन आता बदलाच. मधल्या चंदेरी डागाच्या कडेला काळा थर पापुद्र्यासारखा उचललेला दिसतोय, म्हणजे तो रोज थोडा थोडा भाजीत पडणार. आजवर पोटात गेलेल्या कणांची मात्र धास्ती घेऊ नका. टेफ्लॉन पचत नाही, जसंच्या तसं बाहेर पडतं. मला जास्त खटकतं ते खालचं उघडं ॲल्युमिनियम, कारण टोमॅटो, चिंच किंवा कोकम घातलेल्या आंबट रश्श्यात ते उतरतं. थर न उचलता नुसते बारीक ओरखडे असते, तर मंद आचेवर लाकडी उलथन्याने खुशाल वापरा म्हटलं असतं. नवा पॅनही रिकामा तापवू नका. साधारण २६०° सेल्सिअसच्या वर कोटिंग खराब व्हायला लागतं.