भावांना पाठवायच्या पत्राबद्दल

प्रिय मुली,

सप्रेम आशीर्वाद.

दादाला आणि धाकट्याला पाठवायच्या पत्राचा तुझा मसुदा दोनदा वाचला. भाषा संयमाची आहे, तक्रारीचा सूर नाही, हे चांगले झाले. परंतु "आईबाबांच्या औषधोपचाराचा खर्च आपण तिघांनी समान वाटून घ्यावा" हे त्यातले मुख्य वाक्य तू काढून टाकावेस, असे माझे मत आहे. ठाण्यातल्या एका रुग्णालयाच्या बिलिंग विभागात माझी नोकरी झाली. पैशांवरून भांडणारी भावंडे मी काउंटरच्या आतल्या बाजूने पाहिली आहेत, आणि समान वाटणी ठरवलेली घरे त्यात कमी नव्हती. ज्याची मिळकत कमी असते तो चार महिन्यांनी मागे राहू लागतो, आणि मग त्याच्या आईवडिलांवरील मायेचेच मोजमाप सुरू होते.

पत्राची सुरुवात आकड्यांनी कर. तू पाठवलेल्या कागदावरून वर्तकनगरच्या घराचा महिन्याचा नेमका खर्च असा दिसतो: औषधे 8,000 रुपये, तपासण्या आणि डॉक्टरांची फी सरासरी 4,000, आईसाठी दिवसा येणाऱ्या बाईंचा पगार 14,000, आणि मेडिक्लेमचा वर्षाचा 48,000 रुपयांचा हप्ता महिन्यावर पसरला तर 4,000. एकूण 30,000. त्यातले 9,000 बाबा पेन्शन आणि व्याजातून देतात. ते त्यांना देऊ द्यावेत. त्यांचा हात खर्चातून पूर्णपणे काढून घेतला की ते गोळ्या एक दिवसाआड घेऊ लागतील, आणि तुम्हाला ते कळणारही नाही. पाकिटावरची तारीख आणि उरलेल्या गोळ्या अधूनमधून ताडून पाहत जा.

राहिले 21,000. हे पगाराच्या प्रमाणात वाटू नकोस. पगारातून टाळता न येणारा भार वजा करून जे उरते, त्याच्या प्रमाणात वाट. टाळता न येणारा भार म्हणजे राहत्या घराचे भाडे किंवा कर्जाचा हप्ता आणि मुलांची शाळेची फी, एवढेच. गाडीचे कर्ज किंवा गुंतवणूक म्हणून घेतलेल्या दुसऱ्या फ्लॅटचा हप्ता त्यात धरायचा नाही, आणि ही ओळ पत्रात स्पष्ट लिही, कारण वाद नेमका तिथेच उभा राहतो. तू दिलेल्या आकड्यांवरून पुण्याच्या दादाचे 1,20,000 मधून 80,000 उरतात, खारघरच्या धाकट्याचे 60,000 मधून 40,000, आणि ऐरोलीचे भाडे व मुलीची फी जाऊन तुझे 20,000. म्हणजे चारास दोनास एक. दादाने 12,000, धाकट्याने 6,000 आणि तू 3,000. भावांचे आकडे तू अंदाजाने धरले आहेस, तेव्हा "चूक असल्यास दुरुस्त करावी" असे लिहून ती जागा त्यांना मोकळी ठेव.

मेडिक्लेमचा हप्ता मात्र दादाने स्वतःच्या खात्यातून थेट भरावा आणि तो त्याच्या 12,000 मध्ये धरावा. तो अजून जुन्या करप्रणालीत असेल, तर ज्येष्ठ नागरिक असलेल्या आईवडिलांच्या हप्त्यावर 50,000 रुपयांपर्यंतची, आपण सारे 80D म्हणतो ती, वजावट त्याला मिळेल. पण ती भरणाऱ्यालाच मिळते आणि हप्ता रोखीने भरला तर मिळत नाही. बाबांच्या खात्यातून हप्ता गेला तर तुम्हा तिघांपैकी कोणालाच तिचा उपयोग होणार नाही.

आता रुग्णालयात दाखल करण्याची वेळ, जिच्याबद्दल तुझ्या मसुद्यात केवळ "तेव्हा पाहू" असे आहे. माझ्या मते पत्राचा निम्मा भाग यावर असावा. कॅशलेसची मंजुरी येईपर्यंत रुग्णालय अनामत मागते, आणि ती रात्री जो तिथे उभा असतो त्याच्या कार्डावरून जाते. तुमच्या घरात तो जो म्हणजे तू. म्हणून याच चार-दोन-एक प्रमाणात 1,40,000 रुपयांचा राखीव निधी तुझ्या आणि दादाच्या संयुक्त खात्यात आधीच असावा: 80,000, 40,000 आणि 20,000. कॅशलेस नाकारली गेली आणि नंतर दावा मंजूर झाला, तर परतावा बहुधा पॉलिसी ज्याच्या नावावर आहे त्याच्या, म्हणजे बाबांच्या खात्यात जमा होतो. तो निधीत परत आणायचे काम कोणाचे, हेही लिहून ठेव, नाहीतर पैसे कोणीही न खाता हरवतात.

दुसरी गोष्ट खोलीची. पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा दिवसाला 5,000 आहे असे समज, आणि पुण्याहून फोन आला की "आईला चांगली खोली घे", म्हणून 8,000 ची घेतली. कापले जातात ते केवळ वरचे 3,000 नव्हेत. खोलीच्या दर्जाशी जोडलेले नर्सिंग, डॉक्टरांच्या भेटी, शस्त्रक्रियागृहाचे शुल्क हेही पाचास आठ या प्रमाणातच मंजूर होते. म्हणजे असे खर्च 80,000 झाले तर कंपनी 50,000 धरते आणि 30,000 खिशातून जातात. औषधे आणि इम्प्लांट यांना ही कात्री सहसा लागत नाही, पण बिलाचा मोठा भाग सापडतो. तेव्हा नियम असा मांड: खोली पॉलिसीच्या मर्यादेतली, ज्याला वरची हवी त्याने संपूर्ण फरक एकट्याने भरावा.

बाबा 74 वर्षांचे आहेत. 70 वर्षे आणि त्यापुढील सर्वांना, उत्पन्न कितीही असले तरी, 2024 पासून आयुष्मान वय वंदना कार्ड मिळते आणि त्यावर वर्षाला 5 लाखांपर्यंतचे उपचार होतात. आधार घेऊन ते काढून ठेवा, मात्र योजनेत सामील असलेले जवळचे रुग्णालय कोणते आणि तिथे कोणते उपचार होतात, हे आताच पाहून या. महिन्याची औषधे त्यात बसत नाहीत, म्हणून वरचा 21,000 चा हिशेब तसाच राहतो.

तुझ्या कष्टांचे काय, असे तू मला विचारले होतेस. त्यांची किंमत लावू नकोस, परंतु रिक्षाभाडे आणि बिनपगारी रजेचा कापलेला पगार मात्र खर्चात धर. पैशांऐवजी कामे माग: दाव्याची कागदपत्रे, विमा कंपनीशी पत्रव्यवहार आणि नूतनीकरणाची तारीख हे सारे दादाला पुण्यात बसून करता येते, महिन्यातला एक शनिवार-रविवार धाकट्याने वर्तकनगरला राहावे. मुलगी म्हणून तुझ्यावर भार किती, हा प्रश्न कोणी काढलाच, तर 2007 चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा मुलगा आणि मुलगी दोघांनाही सारखेच जबाबदार धरतो, हे तुला ठाऊक असावे. पत्रात मात्र कायद्याचा उल्लेख नको. तो आला की भाऊ उत्तर देण्याआधी वकिलाला विचारतील.

हे प्रमाण एक वर्षापुरतेच ठेव आणि एप्रिलमध्ये फेरआढावा घ्या. दिवसाच्या बाईंऐवजी चोवीस तासांची बाई ठेवावी लागली, तर एप्रिलची वाट न पाहता नवा आकडा त्याच महिन्यात कळवावा, हेही लिही. पत्र दोघांनाही एकाच दिवशी पाठव, मागील तीन महिन्यांची बिले सोबत जोड, आणि उत्तरासाठी पंधरा दिवसांची मुदत दे. दादाने उत्पन्न सांगण्यास नकार दिला, तर रागावू नकोस. त्याला आपला आकडा स्वतः ठरवू दे, तो 12,000 च्या आसपास असला तर मान्य कर, आणि बराच कमी असला तर उरलेली रक्कम कोणी भरायची हे त्यालाच लेखी विचार.

तुझी,
काकू